उजवा पाय आधी

मी आयुष्यात एकदाही हर्डल्स धावले नव्हते, आणि तरी बरकतपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत हर्डल्स शिकवायला कंबर कसून उभी राहिले. कॉलेजात असताना मी सरळ शंभर मीटर पळायचे. वाटेत आडवं काही आलं तर माणसानं वळसा घालावा, अशा मताची मी. पण शाळेत खेळाची शिक्षिका एकटीच, आणि विभागीय स्पर्धेत मुलींचे हर्डल्स असणार म्हटल्यावर कुणीतरी शिकवायलाच हवं होतं. पंधरा दिवसांच्या प्रशिक्षण शिबिरातून मी सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्सचा एक गठ्ठा आणला होता. तेवढ्या भांडवलावर मी तज्ज्ञ झाले.

उदारीकरणाची ती सुरुवातीची वर्षं. हैदराबादेत गल्लोगल्ली दोनच गोष्टी उघडत होत्या, एसटीडी बूथ आणि कंप्यूटरचे क्लास. खेळाच्या दुकानांतही नवं सामान दिसू लागलं होतं. मी हेडमिस्ट्रेसबाईंच्या मागे लागून नारिंगी प्लॅस्टिकचे दहा कोन मिळवले. वीतभर उंचीचे, टोपीसारखे. त्याआधी आम्ही विटा मांडायचो आणि मुलींचे अंगठे फुटायचे. दोन कोनांच्या टोकांवर एक वेताची काठी आडवी टेकवली की झालं हर्डल. पाय लागला तर काठी नुसती घरंगळते, कुणाला खरचटतसुद्धा नाही. नवशिक्या मुलीला आधी हे कळावं लागतं की समोरचं आडवं तिला काही करणार नाही. उंची नंतर वाढवता येते, मनात बसलेली धडकी मात्र सहज निघत नाही. हे नोट्समध्ये लिहिलं होतं आणि ते मला मनापासून पटलं होतं, म्हणून पुढे जे झालं त्याची मला जास्तच लाज वाटते.

पहिल्या दिवशी बारा मुली रांगेत उभ्या केल्या. काही तेलुगू घरांतल्या, काही उर्दू बोलणाऱ्या, दोघी मारवाडी आणि दोन-तीन आपल्या मराठी. आपसात सगळ्यांची भाषा एकच, हैदराबादी. मी त्यांना सांगितलं, की ही उंच उडी नाही, हे पळणंच आहे. काठीपाशी पोचल्यावर पुढच्या पायाचा गुडघा आधी वर, मग पोटरी समोर झेपावते, आणि काठी ओलांडली रे ओलांडली की तो पाय चटकन खाली जमिनीवर. हवेत रेंगाळायचं नाही. मागचा पाय मात्र खालून ओढत आणायचा नाही. त्याचा गुडघा बाहेरच्या बाजूला उघडायचा, टाच मांडीजवळ, पंजा वर ओढलेला, आणि गुडघा काखेकडे येत समोर आला की पुढचं पाऊल. हवेत राहायचं ते कमीत कमी.

"कौनसा पैर आगे, टीचर?" एकीनं विचारलं.

"उजवा," मी म्हणाले. "चांगल्या कामाला कुठला पाय आधी टाकतात? घरी काय शिकवलंय?"

सगळ्या हसल्या आणि माना डोलावल्या. चार भाषांच्या घरांतून आलेल्या मुली, पण उंबऱ्यावर प्रत्येकीला उजवा पायच आधी टाकायला शिकवलेला. माझ्या नोट्समधल्या चित्रांतल्या बाईचाही उजवाच पाय पुढे होता. माझ्या डोक्यात शंकेला जागाच नव्हती.

त्या बारा जणींत सगळ्यांत वेगवान होती ती बेगम बाजारातल्या मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी. जुन्या निजामी मुलखातलं, मराठवाड्याकडून आलेलं शेतकरी घराणं, दोन पिढ्यांपूर्वी शेत सोडून दुकानात आलेलं. तेरा वर्षांची, सडपातळ, लांब पायांची पोर. सरळ पळायला लागली की बाकीच्या तिच्या पाठीला लागायच्या आणि पाठीलाच राहायच्या. मी मनातल्या मनात तिला स्पर्धेला पाठवूनसुद्धा टाकलं होतं.

आणि नेमकी तीच अडखळायला लागली.

आमची पद्धत अशी, की पहिल्या काठीपर्यंत आठ पावलं, आणि मग दोन काठ्यांच्या मधे तीन. तीन पावलं जमली की प्रत्येक वेळी तोच पाय पुढे येतो. लय बसावी म्हणून मी टाळ्या वाजवायचे. काठीपलीकडे पाय टेकला की एक मोठी टाळी, मग भराभर एक, दोन, तीन. काठ्यांमधलं अंतरही मी मुलींच्या ढांगा बघून ठेवलं होतं, बुटक्या मुलींना पाच मीटर, लांब पायांच्यांना सहा. ताणून ढांगा टाकायला लागल्या की पळण्याची लय जाते, म्हणून. बाकीच्या अकरा जणी पंधरा दिवसांत टाळीवर पळू लागल्या. ही मात्र वाऱ्यासारखी यायची आणि पहिल्या काठीच्या पुढ्यात एक बारीकसं पाऊल चोरून टाकायची. त्या एका पावलात तिचा सगळा वेग मातीत जायचा. मग ती बेडकासारखी उडायची, डावा पाय मागून लोंबकळत यायचा आणि काठी खाली.

"घाबरतेस का?" मी विचारायचे.

"नै टीचर."

"मग थांबतेस कशाला?"

"पता नै टीचर. आपोआप होता."

आपोआप म्हणजे भीतीच, असा माझा ठाम निष्कर्ष. एकदा दुसऱ्या काठीपाशी तिचं गणित चुकलं. तीनऐवजी चार पावलं पडली, आणि ती काठी तिनं काय सुरेख ओलांडली! कुठे झोल नाही, कुठे रेंगाळणं नाही. आणि मी काय केलं, तर शिट्टी फुंकून तिला थांबवलं. "चार का घातलीस? तीन म्हणजे तीन!" असं म्हणून मैदानाच्या दोन फेऱ्या पळायला लावल्या. हे आठवलं की आजही मला माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. उत्तर माझ्या डोळ्यांसमोरून पळत गेलं होतं आणि मी त्याला शिक्षा केली होती.

महिना झाला, सवा महिना झाला. काठीची धास्ती नको म्हणून मी तिच्यासाठी काठी काढून नुसते दोन कोन ठेवले. तरी ते चोरटं पाऊल पडायचंच. बाकीच्या मुली तिला "डरपोक" म्हणायला लागल्या. मी त्यांना रागावले, पण फार जोरात रागावले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. एकदा तर मीच सगळ्यांसमोर म्हणाले, "वीतभर कोनाला एवढी भितेस, तर खऱ्या हर्डलसमोर काय करशील?"  ती ओढणीनं तोंड पुसून परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

एका गुरुवारी तिचे वडील शाळेत आले. मैदानाच्या कडेला स्कूटर लावून बराच वेळ बघत उभे होते. जवळ आले तेव्हा कपड्यांना मिरचीचा असा ठसका होता, की मला शिंक आली.

"मॅडम, पोरगी रोज उशिरा येऊ लागली घरी," ते म्हणाले. "पळती ते ठीक हाय. पण मी आत्ताच बघितलं, आडव्या लाकडापुढं येऊन थांबायली. रातीला जेवत बी नाही धड. कुणाशी बोलत नाही."

मी म्हणाले, वेळ लागतो, सराव आहे, वगैरे.

"आमच्या दुकानाजवळ कंप्यूटरचा क्लास निघालाय. टाइम हाच, पाच वाजता. एक तारखेपासून घालतो म्हणतो. आता जमाना त्याचा हाय."

मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. तिनं खाली मान घालून वडिलांना म्हटलं, "बाबा, मला हेच करायचंय."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. माणूस कडक होता, पण खाष्ट नव्हता. "पुढच्या शनिवारी मी येतो," ते म्हणाले. "ह्या पाच काठ्या आहेत ना? पाचही न थांबता पार केल्यास तर पळ. थांबलीस तर कंप्यूटर. चालंल का मॅडम?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? घरी जाताना बसमध्ये मी त्या मुलीवर चिडले होते, तिच्या वडिलांवर चिडले होते, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त कंप्यूटरवर चिडले होते. स्वतःवर चिडायचं कारण मला अजून दिसलेलं नव्हतं.

त्याच रविवारी माझ्या धाकट्या दिराचं लग्न होतं. लग्न सकाळी कार्यालयात लागलं आणि दुपारी चारच्या सुमारास वरात तारनाक्याला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दारात आली. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलेलं. नव्या नवरीनं ते पायानं लवंडून आत यायचं. सासूबाई आरती घेऊन उभ्या, मागे सगळं गणगोत, आणि मी नवरीच्या अगदी बाजूला, पायाकडे बघत, कारण साडी पायात येऊ नये ही माझ्यावर सोपवलेली जबाबदारी.

नवरी तरतरीत चालत आली आणि सहजपणे तिचा डावा पाय वर उचलला गेला.

"उजवा गं, उजवा!" आम्ही पाच-सहा बायका एकदम ओरडलो. सगळ्यांत मोठा आवाज माझा.

ती दचकली. उचललेला पाय खाली टेकवला, मापाच्या पुढ्यात एक बारीकसं पाऊल चोरलं, पाय बदलला, आणि मग कसंबसं उजव्या पायानं माप लवंडलं. तांदूळ सांडले, हशा पिकला, सासूबाईंनी ओवाळलं.

मी मात्र तिथेच खिळले. ते बारीक पाऊल मी सवा महिना रोज संध्याकाळी बघत होते. तेच, अगदी तसंच. पाय बदलण्यासाठी टाकलेलं पाऊल! ही पोरगी नैसर्गिकपणे डावा पाय पुढे टाकणारी आहे, आणि तिला उजवा पुढे आणायला मी ओरडतेय, म्हणून ती काठीपुढे येऊन पाय बदलते. भीतीचा काही संबंधच नाही. आणि ती चार पावलांची सुरेख ओलांडणी! तीनऐवजी चार पडली म्हणजे पाय उलटला, डावा पुढे आला. म्हणून तर ती सुरेख होती.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, तांदूळ भर ना, बघत काय बसलीस?" मी तांदूळ भरले. पण त्या दिवशी मला पंगतीत कुणी काय वाढलं, ते आठवत नाही.

सोमवारी मैदानावर गेले ती थेट तिच्याकडेच. तिला सरळ, पाय जुळवून उभं केलं, म्हटलं डोळे मीट, आणि मागून खांद्याला हलकेच ढकललं. तोल सावरायला तिनं पाऊल टाकलं ते डावं. पुन्हा ढकललं, पुन्हा डावं. तिसऱ्यांदाही तेच. मग म्हटलं, आता उभी राहा, पळायला राहतेस तशी. उजवा पाय पुढे ठेवून उभी राहिली. पहिलं पाऊल डावं पडणार, आठवं उजवं, आणि उजव्यावरून उडी घेतली की पुढे येणार डावा. माझ्याकडे आली त्या दिवसापासून ती बरोबरच उभी राहत होती. मी कधी तिच्या सुरुवातीच्या पायाकडे बघितलंच नव्हतं.

आता इथे मी एक भित्रेपणा केला. मला म्हणायला हवं होतं, "माझं चुकलं." मी म्हणाले, "आज आपण एक नवा प्रयोग करू. डावा पाय पुढे."

तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं. "डावा? चालता?"

"चालतं."

मी तिला लगेच पळवलं नाही. आधी चालत करून घेतलं. कोनांची रांग तिच्या उजव्या हाताला येईल असं तिला उभं केलं, म्हणजे प्रत्येक काठीच्या टोकावरून फक्त मागचा पाय, आता उजवा, जाईल. गुडघा बाहेर, पंजा वर, गुडघा काखेकडे, पाऊल समोर. मग रांग डाव्या हाताला घेऊन फक्त पुढचा पाय. गुडघा वर, पाय खाली. मग हलक्या दुडक्या चालीनं. बुधवारी काठ्यांवरून मधोमध पळायला सांगितलं तेव्हा मी टाळी वाजवायला हात वर केले, आणि ते वरच राहिले. आठ पावलं, आणि काठी. चोरटं पाऊल नाही. ती पलीकडे पोचली तेव्हा तिलाच कळेना काय झालं. मागे वळून काठीकडे बघत राहिली.

माझा जीव भांड्यात पडला म्हणजे कसा पडला, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. मी तिथेच खाली मातीत बसले. मुली म्हणाल्या, "टीचर, चक्कर आया क्या?" मी म्हटलं, "हो, जरा आली."

पण एक काठी वेगळी आणि पाच वेगळ्या. गुरुवारी तिसऱ्या काठीनंतर तिची पावलं लांबायला लागली, कारण आता वेग जास्त होता आणि ती घाईनं पुढची काठी गाठायला बघत होती. मी तिला सांगितलं, मधली तीन पावलं ताणायची नाहीत, भराभर टाकायची, टाळी ऐक. शुक्रवारी चार झाल्या, पाचवीला तिचा उजवा पंजा खाली लोंबला आणि काठी पडली.

शनिवारी पाच वाजता वडील आले, स्कूटर लावली, घड्याळ बघितलं. मुलगी उभी राहिली, उजवा पाय पुढे. बाकीच्या अकरा जणी रांगेत उभ्या. मी शिट्टी दिली.

आठ पावलं. पहिली काठी. टाळी, एक, दोन, तीन. दुसरी. माझे हात टाळ्या वाजवत होते, पण ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. तिसरी. चौथीला मागच्या पायाचा अंगठा काठीला घासला, काठी हलली, कोनावर लटपटली आणि पडली. मी डोळे मिटून घेतले असते, पण तेवढा वेळ नव्हता. एक, दोन, तीन. पाचवी. ती पलीकडे होती आणि पळतच होती, कुंपणापर्यंत जाऊन तिथे तारेला हात टेकवून वळली.

"एक पाडली की," वडील म्हणाले.

"पण थांबले का बाबा?" ती धापा टाकत ओरडली.

त्यांनी जरा विचार केला. व्यापारी माणूस, ठरलेला सौदा मोडणारा नव्हता. "नाही. थांबली नाहीस," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "कंप्यूटरची सकाळची बॅच बी हाय म्हणे. बघू." मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "मॅडम, लई उपकार झाले. पोरीची भीती काढलीत तुम्ही."

मला श्रेय आयतं मिळत होतं. नुसतं "अहो, उपकार कसले" म्हणायचं आणि गप्प बसायचं. मुलगी तिथेच होती, घामानं निथळत, वडिलांचं बोलणं ऐकून मान खाली घालून उभी. भीती काढली, म्हणजे भीती होती. तिलाही आता तेच वाटणार, जन्मभर.

"नाही हो," मी म्हणाले. "तिला भीती नव्हतीच. तिचा पाय डावा आहे आणि मी तिला सवा महिना उजवा टाकायला लावत होते. ती मधे थांबत नव्हती, पाय बदलत होती. चूक तिची नाही, माझी होती. एकदा ती चार पावलांत बरोबर ओलांडून गेली, तेव्हा मी तिला शिक्षा केली."

वडिलांनी एकदा काठ्यांकडे आणि एकदा पोरीच्या पायांकडे बघितलं. "म्हंजे बैल उलट्या बाजूला जुंपला होता म्हणा," ते म्हणाले.

"तसंच."

ते रागावतील असं मला वाटलं होतं, आणि रागावले असते तर चाललंही असतं. छातीवरचा धोंडा काढल्यासारखं मला मोकळं वाटत होतं.  मुलीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे, आणि हळूच म्हणाली, "म्हणजे मी डरपोक नव्हते, टीचर?"

"नाही. एक दिवससुद्धा नाही."

तिनं मागे वळून रांगेकडे बघितलं. अकरा जणी लांबून आमच्याकडे टक लावून उभ्या होत्या. मग ती माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, अगदी कामाचं बोलावं तशी म्हणाली, "टीचर, जरा जोरात बोला ना. त्यांना नाही ऐकू गेलं."

मी शिट्टी गळ्यात मागे टाकली, रांगेसमोर जाऊन उभी राहिले, आणि जोरात सांगितलं.